सेकंदाला चारशे मेसेज आणि पत्रातली सहा वाक्यं

बॅकएंड डेव्हलपरच्या जागेसाठी येणाऱ्या कव्हर लेटरमध्ये बहुतेक वेळा या धाटणीचं एक वाक्य असतं:

> मी जावा, स्प्रिंग बूट, काफ्का, रेडिस आणि डॉकर वापरून दिवसाला लाखो मेसेज हाताळणारी अत्यंत वेगवान आणि स्केलेबल सिस्टिम तयार केली.

यात खोटं काही नसेलही. पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? लाखो म्हणजे दोन लाख की नव्वद लाख, ते दिवसभर सारखे येतात की एकदम, काफ्का हवाच होता की आधीपासून होता म्हणून वापरला, आणि हे सगळं ठरवलं कोणी, यातलं काहीच कळत नाही. तंत्रज्ञानांची नावं तर रेझ्युमेमध्येही असतातच.

अर्ज आधी एचआरकडे जातो आणि तिथे ही नावं शोधली जातात, हे खरं. पण ते काम रेझ्युमे करतो. पत्र उघडून वाचतो तो टीममधला एखादा जुना डेव्हलपर, आणि तो उमेदवाराला विचारता येईल असं काहीतरी शोधत असतो. एका प्रोजेक्टबद्दलची पाच-सहा वाक्यं जर अशी असतील की त्यातल्या प्रत्येकावर त्याला एक प्रश्न सुचावा, तर मुलाखतीचे विषय अर्धे उमेदवारानेच ठरवलेले असतात. अशी वाक्यं कशी तयार होतात ते एका उदाहरणावर पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातल्या अडचणी खऱ्या सिस्टिममध्ये रोज भेटणाऱ्या आहेत.

समजा, चार वर्षं अनुभव असलेली एक डेव्हलपर आहे. तिची कंपनी सहकारी बँकांना सॉफ्टवेअर पुरवते. तिच्याकडे एसएमएस पाठवणारी सेवा आहे: ‘आपल्या खात्यात रु. अमुक जमा’, ‘आपला ओटीपी तमुक’. सगळ्या बँका मिळून दिवसाला सरासरी १२ लाख मेसेज जातात. टीम तिघांची.

आता ‘दिवसाला १२ लाख’ हा आकडा वाचला की जुना डेव्हलपर पहिल्यांदा एक भागाकार करतो. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. १२ लाख भागिले ८६,४००, म्हणजे सेकंदाला साधारण १४. सेकंदाला १४ मेसेज हा भार एक साधा लॅपटॉपही पेलेल. म्हणजे जो आकडा छाप पाडायला लिहिला, त्यानेच छाप पुसली. याचा अर्थ काम सोपं होतं असा नाही. तो आकडा कामाचं अवघडपण दाखवत नाही, एवढंच. सोसायटीला दिवसाला किती पाणी लागतं यावरून नळाचा व्यास ठरत नाही, सकाळी सात ते आठ सगळे मोरीत असतात त्यावरून ठरतो. सर्व्हरचंही तसंच आहे. भार सांगायचा तो सर्वांत वाईट वेळेचा.

या सेवेची वाईट वेळ म्हणजे महिन्याची १ तारीख. शिक्षकांचे आणि इतर कर्मचाऱ्यांचे पगार खात्यात जमा होतात, निदान कागदावर तरी त्याच दिवशी. सकाळी बँका पगाराच्या फाइली चढवतात आणि सुमारे १० मिनिटं सेकंदाला ४०० मेसेज तयार होत राहतात. त्यातले ३० ओटीपी असतात, बाकीचे पगार जमा झाल्याचे. आणि ज्या एसएमएस गेटवेतून हे बाहेर पडतात, त्याच्याशी झालेल्या करारात मर्यादा आहे सेकंदाला ३०० मेसेजची. त्याच्या वर पाठवले तर तो नाकारतो.

४०० येतात, ३०० जातात. या दोन आकड्यांतच हे काम का अवघड आहे ते सगळं आलं. सेकंदाला १०० मेसेज मागे राहणार, १० मिनिटांत म्हणजे ६०० सेकंदांत ६०,००० मेसेजची रांग लागणार. सगळे एकाच रांगेत असतील तर शेवटी आलेल्याला ६०,००० भागिले ३००, म्हणजे २०० सेकंद थांबावं लागेल. सव्वातीन मिनिटांहून जास्त. पगार जमा झाल्याचा मेसेज तेवढा उशिरा आला तर कोणाचं काही बिघडत नाही. ओटीपी तेवढ्या वेळाने आला तर तो कचरा आहे. तोवर ग्राहकाने ‘पुन्हा पाठवा’ दोनदा दाबलेलं असतं आणि रांग आणखी लांबलेली असते.

म्हणून तिने दोन रांगा केल्या. ओटीपी कायम पुढे. १०० पैकी ९९ ओटीपी ३ सेकंदांच्या आत गेटवेकडे पोचतात. त्याची किंमत पगाराच्या मेसेजने मोजली: त्यांच्या वाट्याला आता ३०० पैकी २७०च राहतात, म्हणून शेवटच्या मेसेजची वाट २०० वरून साधारण २२० सेकंदांवर जाते. चार मिनिटांच्या आत, असं म्हणू.

ट्रेड-ऑफ म्हणजे एवढंच असतं: काय मिळवलं, त्यासाठी काय सोडलं, आणि ते सोडणं का परवडलं. पत्रांमध्ये या तिन्हीतलं पहिलंच तेवढं लिहिलेलं सापडतं. ‘ओटीपी ३ सेकंदांत’ हे वाक्य जाहिरातीसारखं वाटतं. त्याच्यापुढे ‘त्यासाठी पगाराचे मेसेज गर्दीत चार मिनिटांपर्यंत मागे राहू दिले’ हे जोडलं की वाचणाऱ्याला कळतं की इथे कोणीतरी बसून विचार केला होता.

आकडे लिहिताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते: ते एकमेकांशी जुळतात का. गेटवेला एक मेसेज दिला की उत्तर यायला २५० मिलिसेकंद लागतात असं धरू. सेकंदाला ३०० मेसेज जायला हवे असतील तर कोणत्याही क्षणी किती विनंत्या उत्तराची वाट पाहत असतील? ३०० गुणिले ०.२५, म्हणजे ७५. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला आणि येणं-जाणं सरासरीने जुळत असेल तर रांग कुठलीही असो, तो लागू पडतो. आता पत्रात कोणी लिहिलं की ‘दहा वर्कर थ्रेड एकेक मेसेज पाठवून उत्तराची वाट पाहतात आणि आम्ही सेकंदाला ३०० पाठवतो’, तर वाचणारा मनातच गणित करतो: एक थ्रेड सेकंदाला चार, दहा थ्रेड चाळीस. उरलेले २६० कुठून आले? बहुतेक वेळा उमेदवार खोटं बोलत नसतो, आकडे ऐकीव असतात. पण पत्रावरून या दोन्हींतला फरक कळत नाही.

आता मुख्य निर्णयाकडे. रांग ठेवायची कुठे? आज हा प्रश्न विचारला की पहिलं उत्तर काफ्का येतं, नाहीतर रॅबिटएमक्यू. तिने यातलं काहीच घेतलं नाही. ज्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये बँकेचे व्यवहार नोंदले जातात, त्यातच `outbox` नावाचं एक टेबल केलं आणि त्यालाच रांग मानलं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. व्यवहार डेटाबेसमध्ये आणि मेसेज दुसऱ्या यंत्रणेत लिहायचा असेल तर ती दोन वेगळी लिखाणं होतात, आणि त्यांच्या मधल्या क्षणी प्रोग्रॅम बंद पडू शकतो. आधी व्यवहार लिहिला आणि मग प्रोग्रॅम पडला तर पैसे कापले गेले पण मेसेज गेलाच नाही. आधी मेसेज दिला आणि मग व्यवहार रद्द झाला तर त्याहून वाईट: ‘जमा झाले’ असा मेसेज आला आणि खात्यात काही नाही. एकाच डेटाबेसमध्ये दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये केल्या की एकतर दोन्ही होतात, नाहीतर एकही होत नाही.

इथे जाणकार लगेच आडवा येईल. असं टेबल ठेवूनही तिथून पुढे मेसेज काफ्काला देता आले असते की. पुष्कळ ठिकाणी तसंच करतात. बरोबर आहे. म्हणून काफ्का न घेण्याचं खरं कारण दुसरं आहे: गेटवेच सेकंदाला ३०० वर अडवतो, तेवढ्यासाठी टेबल पुरतं, आणि तिघांच्या टीमला आणखी एक यंत्रणा रात्री-अपरात्री सांभाळायची नव्हती. हे कारण पत्रात लिहायला लोक कचरतात, कारण त्यात तांत्रिक झगमगाट नाही. माझ्या मते सगळ्या पत्रातलं ते सर्वांत वजनदार वाक्य ठरतं. माणसं किती आहेत हे धरून रचना करणारा डेव्हलपर कुठल्याही टीमला हवा असतो.

टेबलातून मेसेज उचलणारी क्वेरी साधारण अशी:

```sql
UPDATE outbox
SET status = 'claimed',
    lease_until = now() + interval '60 seconds'
WHERE id IN (
  SELECT id FROM outbox
  WHERE status = 'pending'
     OR (status = 'claimed' AND lease_until < now())
  ORDER BY priority, id
  LIMIT 50
  FOR UPDATE SKIP LOCKED
)
RETURNING id, phone, body;
```

यातलं `SKIP LOCKED` महत्त्वाचं. एका वर्करने ज्या ओळी धरल्या आहेत त्यांच्यापाशी दुसरा वर्कर थांबत नाही, त्या सोडून पुढच्या उचलतो. पोस्टग्रेसमध्ये हे २०१६च्या जानेवारीत आलेल्या ९.५ आवृत्तीपासून आहे. ते नसतं तर सगळे वर्कर एकाच ओळीसाठी खोळंबून राहिले असते. `priority` मुळे ओटीपी आधी येतात. आणि `lease_until` म्हणजे उचललेला मेसेज ६० सेकंदांत ‘गेला’ असा नोंदला नाही तर तो उचलणारा वर्कर पडला असं समजून दुसऱ्याने उचलायचा.

त्या ६० सेकंदांतच दुसरा ट्रेड-ऑफ आहे. वर्करने मेसेज गेटवेला दिला, गेटवेने घेतला, आणि ‘गेला’ ही नोंद करण्याआधी वर्कर बंद पडला. डेटाबेसच्या दृष्टीने मेसेज अजून अडकलेला आहे. मिनिटभराने दुसरा वर्कर तो उचलेल आणि ग्राहकाला तोच मेसेज दुसऱ्यांदा जाईल. हे टाळायचं तर पाठवण्याआधीच ‘गेला’ लिहून टाकायचं. पण मग वर्कर त्या दोन्हींच्या मध्ये पडला तर मेसेज कधीच जाणार नाही. दोनदा जाणं किंवा न जाणं, यातलं एक पत्करावं लागतं. काही गेटवे आपला संदर्भ क्रमांक घेऊन तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर नाकारतात, तेव्हा यातून बऱ्यापैकी सुटका होते. आपल्या उदाहरणातला गेटवे तसं करत नाही.

तिने दोनदा जाणं पत्करलं. ओटीपी दोनदा आला तरी आकडा तोच असतो, काही बिघडत नाही. ‘रु. ५,००० वजा’ दोनदा आलं तर मात्र माणूस घाबरून शाखेत धाव घेतो. म्हणून प्रत्येक मेसेजमध्ये व्यवहाराचा क्रमांक छापला. दोन्ही मेसेजवर एकच क्रमांक दिसला की निदान शाखेतल्या माणसाला उलगडा करता येतो. ही तडजोड आहे, पूर्ण उत्तर नाही, आणि पत्रात ती तशीच लिहावी. ‘प्रत्येक मेसेज नेमका एकदाच जातो’ असा दावा दिसला की जाणकार वाचक तिथेच थांबतो, कारण बाहेरच्या गेटवेची साथ नसताना ते शक्य नाही हे त्याला ठाऊक असतं.

टेबलाला रांग म्हणून वापरण्याची आणखी एक किंमत आहे आणि ती सुरुवातीला दिसत नाही. पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी खोडून तिथेच नवी लिहीत नाही. नवी प्रत लिहितो आणि जुनी मेलेली प्रत तशीच पडून राहते. नंतर व्हॅक्यूम नावाची प्रक्रिया येऊन ती साफ करते. इथे प्रत्येक मेसेजची ओळ दोनदा बदलते: एकदा उचलताना, एकदा गेल्यावर. दिवसाला १२ लाख मेसेज म्हणजे किमान २४ लाख मेलेल्या प्रती. व्यवस्थित चाललं असताना त्या साफ होत राहतात.

पण व्हॅक्यूमला एक अट आहे. एखाद्या उघड्या ट्रान्झॅक्शनला जी जुनी प्रत लागू शकेल, ती त्याला काढता येत नाही. समजा १ तारखेलाच कोणीतरी मुख्य डेटाबेसवर ४० मिनिटांचा रिपोर्ट लावला. त्या रिपोर्टला `outbox` टेबलाशी काही देणंघेणं नसेल, तरी तो चालू आहे तोवर त्याच्या सुरुवातीनंतर मेलेली एकही प्रत हलत नाही. वर्करची क्वेरी मग दर वेळी या ढिगातून वाट काढत जिवंत ओळी शोधते. दोन-तीन मिलिसेकंदांत होणारं काम शेकडो मिलिसेकंदांवर जातं, ओटीपी मागे पडू लागतात, आणि गंमत म्हणजे येणाऱ्या मेसेजचा भार मात्र नेहमीचाच असतो.

ओळखायचं कसं? `pg_stat_user_tables` मध्ये `n_dead_tup` हा आकडा चढत राहतो, ऑटोव्हॅक्यूम धावून गेल्याची वेळ ताजी दिसते, तरी आकडा उतरत नाही. मग `pg_stat_activity` मध्ये सर्वांत जुनी `xact_start` कोणाची आहे ते पाहिलं की तो रिपोर्ट सापडतो. उपाय म्हणून तिने रिपोर्ट रेप्लिकावर हलवले आणि `outbox` टेबल रोजच्या पार्टिशनमध्ये विभागलं, म्हणजे जुन्या ओळी एकेक करून पुसण्याऐवजी अख्खं पार्टिशनच टाकून देता येतं.

हे सगळं तिला माहीत आहे. पत्रात यातलं किती जाईल? माझ्या मते एवढं:

> गेली दोन वर्षं मी सहकारी बँकांसाठी एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचं काम पाहते. दिवसाला सरासरी १२ लाख मेसेज जातात, पण खरी कसोटी १ तारखेच्या सकाळी लागते: १० मिनिटं सेकंदाला ४०० मेसेज येतात आणि गेटवेची मर्यादा ३००ची आहे. काफ्का न घेता रांग पोस्टग्रेसमध्येच ठेवावी असं मी सुचवलं: व्यवहार आणि मेसेज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदता येतात आणि आमच्या तिघांच्या टीमला वेगळी यंत्रणा सांभाळावी लागत नाही. बदल्यात वर्कर मध्येच पडला तर एखादा मेसेज दोनदा जातो, आणि गर्दीत ओटीपी ३ सेकंदांत सुटावा म्हणून पगाराचे मेसेज चार मिनिटांपर्यंत मागे राहतात. लांबलेल्या रिपोर्टमुळे व्हॅक्यूम अडून रांग मंदावल्याचं मी शोधलं आणि रिपोर्ट रेप्लिकावर हलवले. भार पाचपट झाला तर ही रांग बँकेच्या डेटाबेसमधून बाहेर काढावी लागेल.

सहा वाक्यं. पत्र अर्थात इंग्रजीत जाईल, पण हिशेब तोच राहतो.

शेवटचं वाक्य पाहा. आपल्या रचनेची मर्यादा स्वतःहून सांगायला उमेदवार बिचकतात. पण त्या वाक्यामागेही गणित हवं. आज प्रत्येक मेसेजसाठी टेबलात तीन लिखाणं होतात: नोंद, उचल, पूर्ण. सेकंदाला ३०० मेसेज म्हणजे ९०० लिखाणं. पाचपट झाले तर ४,५००. पोस्टग्रेसला हा आकडा झेपणारच नाही असं नव्हे; अडचण अशी की हे सगळं त्याच डेटाबेसवर पडतं जिथे बँकेचे व्यवहार चालतात, आणि एसएमएससाठी व्यवहार मंदावणं कोणी खपवून घेणार नाही. ‘पाचपट’ का, असं मुलाखतीत विचारलं की हे उत्तर तयार असावं. उत्तर नसेल तर ते वाक्य पत्रातून काढलेलं बरं.

प्रत्येक वाक्याला तीच परीक्षा लावायची. ‘३ सेकंदांत’ म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजलं? टेबलात नोंद झाल्यापासून गेटवेने स्वीकारेपर्यंत. फोनवर कधी पोचला ते टेलिकॉम कंपनीच्या हाती आहे, त्याची हमी आपण देत नाही. पत्रात म्हणूनच ‘सुटावा’ लिहिलं आहे, ‘पोचावा’ नाही. रिपोर्ट रेप्लिकावर हलवल्याने प्रश्न सुटलाच का? हा प्रश्न मी नक्की विचारेन, कारण इथे एक खोच आहे: रेप्लिकावर `hot_standby_feedback` चालू असेल तर तिथली लांबलेली क्वेरीही मुख्य डेटाबेसचा व्हॅक्यूम अडवते. बंद ठेवलं तर व्हॅक्यूम मोकळा होतो, पण रेप्लिकावरचा लांबलेला रिपोर्ट मध्येच रद्द होऊ शकतो. तिने काय निवडलं आणि का, यावर पंधरा मिनिटं छान बोलता येतं.

क्रियापदांकडेही लक्ष द्यायचं. ‘मी सुचवलं’, ‘मी शोधलं’, ‘आमच्या टीमला’. कोणी काय केलं ते वेगळं दिसतं. सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं तर उमेदवाराचा वाटा कळत नाही, आणि सगळीकडे ‘मी’ लिहिलं तर तिघांची टीम कशाला होती असा प्रश्न पडतो. निर्णय वरून आला असेल तर तसं लिहायलाही हरकत नाही: ‘काफ्का आधीपासून होता, त्यात मेसेजचा क्रम टिकवण्यासाठी मी खातेक्रमांकावरून पार्टिशन केलं’ यात कमीपणा काही नाही.

पत्रातून काय गळलं तेही सांगतो. लिटलचा नियम गेला, ६० सेकंदांची लीज गेली, `SKIP LOCKED` गेलं, व्यवहाराचा क्रमांक छापल्याचं गेलं. या गोष्टी विचारल्यावर सांगायच्या. पत्रात घातल्या तर परिच्छेद डिझाइन डॉक्युमेंट होतो आणि मुलाखतीत बोलायला शिल्लक काही उरत नाही. भाषेच्या आवृत्त्या, डॉकर, कुबरनेटिस यांना तर इथे जागाच नाही. निर्णयावर त्यांचा परिणाम नव्हता.

आकडे द्यायचे म्हटलं की गोपनीयतेचा मुद्दा येतोच. नोकरीच्या करारात बहुधा त्याबद्दल कलम असतं, ते आधी वाचावं. ग्राहक बँकांची नावं, नेमकी ग्राहकसंख्या, गेटवे कोणाचा, एका मेसेजला किती पैसे पडतात, हे कुठेही लिहू नये. पण ट्रेड-ऑफ समजायला यातलं काहीच लागत नाही. लागतं ते गुणोत्तर: येणारा भार गेटवेच्या मर्यादेपेक्षा एक तृतीयांशाने जास्त होता. ४०० आणि ३०० हे आकडे सांगणं योग्य वाटत नसेल तर ‘गर्दीच्या वेळी गेटवेच्या मर्यादेच्या सव्वापट ते दीडपट भार’ असं लिहिलं तरी सगळा युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहतो.

आणि ज्याच्या प्रोजेक्टमध्ये लाखांचे आकडेच नाहीत त्याने काय लिहावं? भार म्हणजे दर सेकंदाच्या विनंत्या, असं थोडंच आहे. समजा एखाद्याने ३,००० कामगारांच्या पगाराचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. तो महिन्यातून एकदाच चालतो आणि बारा मिनिटं घेतो. तिथे वेगाला कोणी विचारत नाही. मधेच बंद पडला तर पुन्हा चालवल्यावर कोणाला दोनदा पगार जाता कामा नये, हे पाहावं लागतं. त्यासाठी त्याने प्रत्येक कामगाराचा हिशेब स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये केला आणि कामगार व महिना या जोडीवर युनिक बंधन घातलं. त्यामुळे चार मिनिटांत होणारं काम बाराला गेलं, आणि रात्री अकराला चालणाऱ्या कामात ती आठ मिनिटं कोणाला जाणवत नाहीत. ‘३,००० कामगार, महिन्यातून एकदा, चाराऐवजी बारा मिनिटं, पण कितीही वेळा पुन्हा चालवता येतं’ हे एक वाक्य लिहिणाऱ्याला ‘लाखो मेसेज हाताळणारी अत्यंत वेगवान सिस्टिम’ लिहिणाऱ्याच्या आधी मुलाखतीला बोलावलं जाईल.